कोरड्या रस्त्यावरचा पाऊस: चहाच्या हॉटेलच्या एका रात्रीच्या फोटोचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स हे रोजचं काम. मे महिन्यात एक मुलगी आली. पुण्यात नोकरी करते, सुट्टीत घरी आली होती. तिच्या वडिलांचं शेजारच्या गावात रस्त्याकडेला चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, पुढे दोन बल्ल्यांवर तोललेली पडवी, एक भट्टी, दोन बाकडी आणि वर लटकलेला एक पिवळा बल्ब. रस्ता रुंद होणार असल्याने ते महिनाभरात मागे हलणार होतं. जायच्या आधी त्या जागेचं चित्र करून वडिलांना द्यायचं तिच्या मनात होतं.

फोटो तिनंच काढला होता. रात्री साडेआठच्या सुमारास, मोबाईलवर, हातात धरून. 12 मेगापिक्सेलची जेपीईजी फाइल, 4000 बाय 3000. वडील भट्टीपाशी उभे, हातात गाळणी. मागे सरळ गेलेला डांबरी रस्ता, त्यावर पानठेल्याची रंगीत दिव्यांची पट्टी, किराणा दुकानाची ट्यूबलाइट, खांबांवरचे पांढरे दिवे आणि एसटी थांब्यापाशी एक नारिंगी दिवा. मांडणी चांगली होती. माणूस डावीकडे, रस्ता उजवीकडे आत जाणारा.

तिची मागणी तिच्याच शब्दांत सांगतो. "काका, पावसातली रात्र वाटली पाहिजे. दिवे असे मोठे मोठे गोल, रस्ता ओला, त्यात दिवे पडलेले. पण रंगवल्यासारखं. आणि बाबा बाबाच दिसले पाहिजेत." कॅनव्हासवर 24 बाय 18 इंचांची प्रत हवी होती. 4000 पिक्सेल 24 इंचांवर पसरले की इंचाला 166 पडतात. कॅनव्हासच्या खरखरीत विणीला तेवढे पुरतात, त्यामुळे आकाराची चिंता नव्हती.

अडचण कुठे होती

फोटोत पाऊस नव्हता आणि गोल दिवेही नव्हते. दोन्ही आणायचे होते, पण खरी अडचण त्याहून खोल होती.

मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे जवळचं आणि लांबचं सगळंच जवळपास स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यात फोकसबाहेरचा दिवा पसरून चकती होतो. या चकत्यांना फोटोवाले बोके म्हणतात (मांजरांशी संबंध नाही). इथे दिवे ठिपक्यांसारखे होते, आणि तेही जळालेले. बल्ब, ट्यूब, नारिंगी दिवा, सगळ्यांचा मधला भाग निव्वळ पांढरा, 255 या सर्वांत वरच्या आकड्यावर टेकलेला. रंग फक्त कडेला उरला होता. कोणता दिवा किती प्रखर होता ही माहिती फाइलमध्ये नव्हतीच.

दुसरं म्हणजे अंधारात मोबाईलने दाणे, म्हणजे खसखशीसारखे बारीक ठिपके, टिपले होते आणि मग स्वतःच ते पुसायचा प्रयत्न केला होता. रस्त्याचा पोत काही ठिकाणी शेणाने सारवल्यासारखा झाला होता.

तिसरी अडचण मला पहिल्या दिवशी दिसलीच नाही. ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब म्हणजे फोटो उलटा करून खाली चिकटवणं, असं मी धरून चाललो होतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा. मोबाईलच्या ॲपमध्ये रंगचित्राचा फिल्टर मारायचा, वर तयार बोक्यांचं चित्र टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. मी करून पाहिलं. तयार बोक्यांचे गोल वडिलांच्या सदऱ्यावरही तरंगायला लागले. लांबच्या दिव्याची चकती जवळच्या माणसाच्या पुढे कशी येईल? बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चिकटवलेलं आहे हे कळतं. हा पर्याय तिथेच सोडला.

दुसरा, पाऊस पडल्यावर पुन्हा फोटो काढायचा. तो खरा उत्तम पर्याय होता. पण मे महिना, पावसाला अजून वेळ, आणि तोवर हॉटेल जागेवर राहील याची खात्री नाही. मुलगीही आठ दिवसांत परत जाणार होती. टँकरने रस्ता भिजवायची कल्पना माझ्या मदतनिसाने काढली. मे महिन्यात, जिथे हापशीवर हंड्यांची रांग लागते तिथे, फोटोसाठी रस्त्यावर पाणी ओतणं. गावाने आम्हांला कॅमेऱ्यासकट हाकललं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे हाताने, थर थर लावून करायचं. माझ्याकडे GIMP हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं आणि सवयीचं आहे. तीन संध्याकाळींचं काम धरलं. पाच लागल्या.

पहिला निर्णय: कशावर आधी हात घालायचा

चित्रासारखा पोत, चकत्या, प्रतिबिंब आणि प्रकाशाचा लोभस धूसरपणा, या चार गोष्टींचा क्रम आधी ठरवावा लागतो. मी पहिल्यांदा चुकीचा क्रम धरला. चकत्या आधी बसवल्या आणि शेवटी सगळ्यावर रंगचित्राचा फिल्टर मारला. हे फिल्टर साधारण असं काम करतात: प्रत्येक ठिपक्याभोवतीचा जो तुकडा सर्वांत एकसारखा असेल, त्याचा सरासरी रंग तिथे भरायचा. भिंतीवर, कपड्यांवर त्याने कुंचल्याचे सपाट फटकारे आल्यासारखे वाटतात. पण चकतीच्या गोल कडेवर त्याने कोपरे काढले. माझे सुंदर गोल दिवे कापलेल्या बटाट्यासारखे दिसू लागले.

दुसरी गंमत काळोखात झाली. दाणे न काढताच फिल्टर मारल्याने त्याने दाण्यांनाच आकार समजून त्यांच्या अळ्या केल्या. आभाळभर वळवळ.

मग क्रम बदलला. आधी दाणे काढले, मग फक्त मूळ दृश्याला रंगचित्राचा पोत दिला, आणि दिवे, प्रतिबिंबं, धूसरपणा हे सगळं त्यानंतर वरून चढवलं. चित्रकारही जमीन आधी रंगवतो आणि उजेडाचे जाड ठिपके शेवटी देतो, त्यामुळे ते डोळ्यालाही पटतं.

वडिलांचा चेहरा मात्र वेगळा ठेवला. पूर्ण जोराच्या फिल्टरने मिशी आणि ओठ एक झाले होते. चेहऱ्यावर आणि हातांवर मास्क, म्हणजे थराचा कोणता भाग किती दिसावा हे ठरवणारा पडदा, लावून फिल्टरचा जोर तिथे साधारण 30 टक्क्यांवर आणला. कडा मऊ ठेवल्या, नाहीतर चेहरा वर्तमानपत्रातून कापून लावल्यासारखा वाटतो.

दुसरा निर्णय: चकत्या

मागच्या दिव्यांवर सरळ ब्लर मारला तर काय होतं ते आधी सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला हात तिथेच जातो. `Gaussian Blur` मारला की दिव्याचा धुरकट डाग होतो, मध्ये उजळ आणि कडेला विरणारा. खऱ्या भिंगातली चकती सगळीकडे जवळपास सारखी उजळ असते आणि तिला कड असते. म्हणून `Lens Blur` लागतो. पण तो मारल्यावर चकत्या आल्या त्या राखेच्या रंगाच्या.

याचं गणित सोपं आहे. माझ्या फोटोत एका खांबावरच्या दिव्याच्या ठिपक्याची त्रिज्या 6 पिक्सेल होती. तो 40 पिक्सेल त्रिज्येच्या चकतीत पसरवला की क्षेत्रफळ सुमारे 44 पट होतं, म्हणजे उजेड 44 वाटेकऱ्यांत वाटला जातो. फाइलमध्ये दिव्याची किंमत 1 वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, अडकलेली, तेव्हा प्रत्येकाला 0.023 मिळाला. पडद्यावरचं 255 चं माप उजेडाच्या सरळ प्रमाणात चालत नाही, त्यात ते 42 च्या आसपास येतं, मेलेला राखी रंग. प्रत्यक्षात तो दिवा त्या 1 पेक्षा कितीतरी प्रखर होता, कॅमेऱ्याने फक्त वरचं कापून टाकलं होतं. ते कापलेलं परत द्यावं लागतं.

म्हणून मी मागच्या दृश्यातले सगळे दिवे आधी पुसून घेतले आणि ते दृश्य स्वतंत्र ब्लर केलं. मग फाइल 32 बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये नेली, म्हणजे 1 च्या वरच्या किमती टिकतात. काळ्या थरावर दिव्यांच्या जागी रंगीत ठिपके हाताने ठेवले, `Exposure` 4.3 ने वाढवला आणि मग त्यावर `Lens Blur` मारला. एकेक पायरी म्हणजे दुप्पट, तेव्हा 4.3 म्हणजे साधारण 20 पट. आता 20 भागिले 44 केलं की 0.45 येतात, पडद्यावर 180 च्या जवळ. चकती उजळ झाली आणि तिचा रंगही टिकला. त्या थराचा मोड `Addition` ठेवला, म्हणजे जिथे दोन चकत्या एकमेकींवर येतात तिथे उजेड वाढतो. खऱ्या उजेडाचंही तसंच असतं. हॉटेल आणि वडील यांच्या आकाराचा मास्क लावून चकत्या त्यांच्या मागे ठेवल्या.

इथे आकारात फसलो. लांबचा दिवा लहान दिसतो, म्हणून मी लांबच्या चकत्या लहान काढल्या होत्या. चुकीचं होतं ते. फोकस जवळच्या माणसावर असेल तर दिवा जितका लांब, तितकी चकती मोठी, आणि पुढे पुढे ती वाढायची जवळपास थांबते. चकतीचा आकार फोकसच्या अंतराचा व्यस्त वजा दिव्याच्या अंतराचा व्यस्त, या प्रमाणात चालतो. वडील 8 मीटरवर होते. 12 मीटरवरच्या पानठेल्याच्या पट्टीला त्या हिशोबाने 15 पिक्सेलची त्रिज्या आली, 40 मीटरवरच्या खांबाला 35, आणि 200 मीटरवरच्या एसटी थांब्याच्या दिव्याला 42. म्हणजे 40 ते 200 मीटर एवढं मोठं अंतर पार केलं तरी चकती पाचव्या हिश्शाने वाढली, बस. हे दुरुस्त केलं तेव्हा रस्ता एकदम आत गेला, खोली आली.

खरं सांगायचं तर मोबाईलच्या इतक्या रुंद दृश्यात एवढ्या मोठ्या चकत्या कुठलंच नेहमीचं भिंग देणार नाही. ती सूट मी चित्राच्या नावाखाली घेतली. एकमेकींशी असलेलं प्रमाण मात्र मोडलं नाही.

तिसरा निर्णय: पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. पहिला प्रयत्न म्हणजे हॉटेल अख्खं उचललं, उलटं केलं, भिंतीच्या पायथ्याशी लावलं, पारदर्शकता निम्मी केली. भिंत ठीक दिसली, पण पडवी विचित्र. पडवीची कड भिंतीच्या चार फूट पुढे आहे. तिचं प्रतिबिंब भिंतीच्या पायथ्यावरून उलटवलं तर ते चुकीच्या जागी पडतं, कारण प्रत्येक वस्तू ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीच्या रेषेवर उलटते. पडवी बल्ल्यांवर उभी होती, म्हणून तिचा आरसा बल्ल्यांच्या पायाशी. बल्ब आत लटकलेला, त्याचा आरसा त्याच्या थेट खाली, तोही ओट्यावर नाही, रस्त्याच्या पातळीवर. एकच कापड उलटं करण्याऐवजी मी हॉटेलचे चार तुकडे केले आणि चौघांना आपापल्या पायावर उलटवलं. शिवाय पाण्यात पडवीची खालची बाजू दिसते, वरचा पत्रा नाही. ती खालची बाजू फोटोत अर्धीच होती, उरलेली रंगवली.

लांबच्या खांबांचं वेगळंच निघालं. त्यांच्या पायथ्यापर्यंत रस्ता दिसतो म्हणून मी प्रतिबिंबं तिथे, लांबच ठेवत होतो. पण कागदावर एक त्रिकोण काढला तर कळतं की दिव्याचा उजेड रस्त्यावर कुठे आपटून आपल्या डोळ्यात येतो. कॅमेरा 1.5 मीटर उंचीवर, दिवा 6 मीटरवर. अंतराची वाटणी या दोन उंचींच्या प्रमाणात होते, म्हणजे आपल्यापासून पाचवा हिस्सा. 40 मीटरवरच्या खांबाचं प्रतिबिंब आपल्यापासून फक्त 8 मीटरवर, वडिलांच्या रांगेत, रस्त्यावर पडतं. आणि 200 मीटरवरचा नारिंगी दिवा 40 मीटरवर पडतो, म्हणजे लांब, क्षितिजाजवळच्या पट्ट्यात. पुढच्या ओल्या भागात नारिंगी रंग मला हवा होता, फार हवा होता, पण तो तिथे येऊ शकत नव्हता. गाळला.

एवढं करूनही ते ओलं वाटेना. आरशासारखं वाटत होतं, फरशी पुसलेल्या दवाखान्यासारखं. शेवटी चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी काढून हॉटेलवर गेलो. भांडी धुतलेलं दोन बादल्या पाणी मुलीच्या वडिलांकडून मागून घेतलं आणि बल्बसमोर रस्त्यावर ओतलं. तापलेल्या डांबरावर ते काही मिनिटंच टिकलं, पण तेवढ्यात दहा-बारा फोटो काढले. त्यात चार गोष्टी दिसल्या.

बल्ब गोल दिसत नव्हता. त्याची उभी, लांब पट्टी झाली होती, रुंदी थोडी आणि लांबी अनेक पट. डांबराची गिट्टी पाण्यातून वर डोकावते, प्रत्येक खड्याचा उतार वेगळा, म्हणून उजेड आपल्या दिशेने लांबतो. आडवा फारसा पसरत नाही. दुसरी गोष्ट, पट्टी गिट्टीपाशी तुटत होती, सलग नव्हती. तिसरी, माझ्या पायाजवळचं पाणी जवळपास काळं होतं आणि लांबचं चमकत होतं. पाणी तिरक्या नजरेला जास्त उजेड परतवतं. 8 मीटरवर ते साधारण तिसरा हिस्सा परतवतं, पायापासून 2 मीटरवर शंभरातले चार. आणि चौथी मला सगळ्यांत आवडलेली: फोटोत बल्ब जळून पांढरा झाला होता, पण त्याची पट्टी गडद पिवळी होती. पट्टीत उजेड कमी असल्याने कॅमेऱ्याला रंग टिपता आला.

त्याप्रमाणे बदल केले. उलटवलेल्या तुकड्यांवर `Linear Motion Blur` उभ्या दिशेने मारला. पाया जिथे टेकतो तिथे थोडा, आणि तिथून खाली येताना वाढत जाणारा. मग मूळ रस्त्याचाच पोत काळा-पांढरा करून `Displace` या ठिपके सरकवणाऱ्या फिल्टरसाठी नकाशा म्हणून वापरला, त्यामुळे पट्ट्या खऱ्या गिट्टीवर मोडल्या. वरून खाली मंद होत जाणारा मास्क लावला. पट्ट्यांचा रंग दिव्यापेक्षा गडद केला. आणि हे विसरलं की सगळं फुकट जातं: रस्ताच काळा केला. ओलं डांबर कोरड्यापेक्षा बरंच गडद असतं. `Multiply` थराने तो निम्म्यावर आणला, तेव्हा पट्ट्यांना जमीन मिळाली.

"दिवे एका फोटोतले"

या टप्प्यावर माझ्या मदतनिसाने पाहिलं. तो फ्लेक्स छापतो, चित्रकलेशी त्याचा संबंध नाही. म्हणाला, "भाऊ, दिवे एका फोटोतले अन् पाणी दुसऱ्या फोटोतलं वाटते." बरोबर होतं. वर जाड, मऊ चकत्या आणि खाली त्यांच्या बारीक, धारदार रेघा. मी धरलं होतं की रस्ता फोकसमध्ये आहे म्हणून त्यातलं प्रतिबिंबही स्पष्ट हवं. तसं नसतं. प्रतिबिंबाला दिव्यापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून डोळ्यापर्यंत असा पूर्ण प्रवास असतो, म्हणून ते दिव्याइतकंच लांब, आणि दिव्याइतकंच फोकसबाहेर असतं. गिट्टी स्पष्ट, तिच्यावरचा उजेड अस्पष्ट. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या त्यांच्या चकत्यांएवढ्या रुंद केल्या, कडा मऊ केल्या. डबक्यात, जिथे पाणी शांत, तिथे पट्टीऐवजी चकतीच ठेवली. हॉटेलच्या बल्बची पट्टी मात्र बारीक राहिली, कारण बल्ब वडिलांजवळच, फोकसमध्ये होता.

चौथा निर्णय: डबकं कुठे

पाचव्या संध्याकाळी अर्धवट चित्र मोबाईलवर घेऊन हॉटेलवर गेलो. मुलीला दाखवलं, तिला आवडलं. वडिलांना कळू द्यायचं नव्हतं, पण ते मागून आले आणि त्यांनी बघितलंच. चित्राबद्दल काही बोलले नाहीत. बोट ठेवलं ते बाकड्यासमोरच्या डबक्यावर.

"इथं पाणी नाई साचत जी. सारं पाणी तिकडं हापशीकडं जाते."

मी म्हटलं, "काकाजी, चित्र आहे ना."

"चित्र हाय, पण जागा तं हीच हाय."

रस्त्याला हापशीच्या बाजूला उतार आहे, हे फोटोत कळत नाही. गावातल्या कोणाच्याही ते डोळ्यात आलं असतं. डबकं बाकड्यासमोरून उचलून हापशीपाशी, रस्त्याच्या कडेला नेलं. मग तिथल्या खऱ्या गोष्टी आपोआप सुचल्या. डांबर संपतं तिथे काळी माती लागते, ती ओली झाली की डांबरासारखी चमकत नाही, तिच्यात चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि पाणी त्या चाकोऱ्यांत उभं राहतं. तिथे दोन लांब, अरुंद आरसे रंगवले. हापशी बरोबर 8 मीटरच्या आसपास, म्हणजे खांबाच्या दिव्याची चकती पडायची ती त्याच पट्ट्यात. मी बाकड्यासमोर ओढूनताणून जे डबकं बसवत होतो त्यापेक्षा ही जागा चित्रालाही बरी निघाली. नजर वडिलांवरून सुरू होऊन हापशीकडे जायला लागली.

शेवटचा हात

धूसर प्रकाशासाठी उजळ भाग वेगळे काढून त्यांचे दोन थर केले. एक कमी ब्लरचा, दिव्याला लागून बसणारा, दुसरा खूप ब्लरचा, ओल्या हवेसारखा पसरणारा. दोन्ही `Screen` मोडमध्ये. मोठा थर जास्त झाला की काळोख राखी होतो आणि चित्रातला दम जातो. मी त्या थराचा जोर कमी-जास्त करताना फक्त हॉटेलच्या मागच्या कडुलिंबाखालच्या अंधाराकडे बघत होतो. तो उजळायला लागला की मागे यायचं. 18 टक्क्यांवर थांबलो. चहाच्या वाफेवर थोडा जास्त दिला, ती चुकीची ओढ होती, नंतर कमी केला.

निष्पत्ती

नागपूरच्या लॅबमधून पहिली प्रत आली ती काळी. पडदा उजेड फेकतो, कॅनव्हास फक्त परतवतो, आणि मी रात्री अंधाऱ्या खोलीत पडदा प्रखर ठेवून काम केलं होतं. रस्त्याचे अर्धे बारकावे बुडाले. मधले रंग उचलून, तळाचा काळा तसाच ठेवून दुसरी फाइल केली आणि आधी एक वीतभर तुकडा छापून मागवला. तो ट्यूबखाली आणि दारात उन्हाच्या उजेडात असा दोन्हीकडे पाहिला, मगच पूर्ण प्रत सांगितली. पहिल्या प्रतीचा खर्च माझ्या अंगावर पडला.

मुलगी जायच्या आदल्या दिवशी चित्र दिलं. वडिलांनी हापशीपासून पाहायला सुरुवात केली, मला वाटतं मुद्दामच. मग भट्टीपाशी थांबले. "पावसात मी भट्टी आत घेतो," म्हणाले. मी आणि मुलगी गप्प. थोड्या वेळाने त्यांनीच सोडवलं, "पाऊस उघडल्यावरचं असन."

पुन्हा केलं तर

फोटो काढण्याआधी माणूस आला असता तर मी त्याला मोबाईल वीट किंवा बाकड्यावर टेकवून त्याच जागेवरून दोन फोटो घ्यायला सांगितलं असतं. एक नेहमीचा, दुसरा इतका अंधारा की फक्त दिवे दिसतील. त्या दुसऱ्या फोटोत दिव्यांचे खरे रंग मिळतात आणि ते अंदाजाने भरावे लागत नाहीत. किराण्याच्या ट्यूबचा हिरवट पांढरा मला तीनदा बदलावा लागला, तो पूर्ण वेळ वाचला असता.

दोन बादल्या पाणी चौथ्या दिवशी ओतलं ते पहिल्या दिवशी ओतायला हवं होतं. उलटवून चिकटवण्यात गेलेल्या दोन संध्याकाळी मी बसल्या जागी पाण्याची कल्पना करत होतो.

डबक्याबद्दलही तेच. आता अशा कामात गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. परवा एका गावच्या देवळासमोरच्या चौकाचं काम आलं, तिथल्या पुजाऱ्याने खडूने जमिनीवर उतार काढूनच दाखवला.

एक निर्णय अजून मला खात्रीने बरोबर म्हणता येत नाही. वडिलांच्या अंगाचं रस्त्यात पडलेलं काळं प्रतिबिंब मी फार फिकं ठेवलं, चेहऱ्यावरून नजर हलू नये म्हणून. ते बल्बच्या पट्टीला जिथे आडवं येतं तिथे पट्टी पूर्ण तुटायला हवी होती. माझ्या चित्रात ती त्यांच्या पायांमधून किंचित पिवळी झिरपते. आजवर कोणी विचारलं नाही.